अक्षरांचा क्रम हीच सूचना : दहावीच्या वर्गातील डीएनएचा एक तास

विद्यार्थी मित्रांनो, आजच्या तासाला वह्या थोडा वेळ मिटून ठेवा आणि फळ्यावर मी लिहितो आहे ते एकच वाक्य मोठ्याने वाचा : मदन गरम वरण वाढव. या वाक्यात चार शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द बरोबर तीन अक्षरांचा आहे. वाक्य साधे आहे, पण ती एक सूचना आहे. ती ज्याला वाचता येते, तो पुढचे काम करू शकतो. आता मी 'गरम' मधला 'ग' पुसून तिथे 'न' लिहितो. 'मदन नरम वरण वाढव' असे झाले. एकच अक्षर बदलले, बाकीचे शब्द जागच्या जागी राहिले, तरी ताटात काय पडणार ते बदलले. आता मूळ वाक्य पुन्हा लिहितो आणि 'मदन' मधला 'द' काढून टाकतो; पण नियम असा आहे की वाचणाऱ्याने तीन-तीन अक्षरांचेच शब्द पाडायचे. वाचा पाहू. 'मनग रमव रणवा ढव.' यातून कुणालाही काही करता येणार नाही. एक अक्षर बदलणे आणि एक अक्षर गळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा. थोड्या वेळाने आपण या वाक्याकडे परत येणार आहोत.

या तासात एक वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे आणि तुम्हीही माझ्याबरोबर म्हणायचे आहे : अक्षरांचा क्रम हीच सूचना.

तुमच्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा अतिशय लांब आणि अतिशय बारीक धागा असतो. तो सूचनांचा ग्रंथ आहे असे आपण म्हणतो, आणि या ग्रंथाच्या लिपीत फक्त चार अक्षरे आहेत : ए, टी, जी आणि सी. ही अक्षरे म्हणजे चार वेगवेगळी रासायनिक संयुगे आहेत. ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन ही त्यांची पूर्ण नावे. डीएनएमध्ये दोन धागे एकमेकांभोवती वळलेले असतात आणि एका धाग्यावरच्या ए समोर दुसऱ्यावर नेहमी टी येतो, जी समोर नेहमी सी येतो. त्यामुळे एक धागा वाचला की दुसरा आपोआप कळतो, आणि पेशीचे विभाजन होताना दोन्ही धागे सुटे होऊन प्रत्येकाच्या आधाराने नवा जोडीदार तयार होतो. ग्रंथाची नक्कल करण्याची सोय त्याच्या रचनेतच आहे.

हा ग्रंथ केवढा आहे, त्याचा अंदाज आपण गणिताने करू. एका संचात सुमारे 300 कोटी अक्षरे असतात. एका पानावर 3000 अक्षरे बसतात असे धरले, तर 10 लाख पाने होतील. पाचशे पानांचे एक पुस्तक बांधले, तर 2000 पुस्तके होतील. हे सारे 23 खंडांत विभागलेले असते आणि त्या खंडांनाच आपण गुणसूत्रे म्हणतो. तुमच्याजवळ असे दोन संच आहेत, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून आलेला. ही दोन संचांची गोष्ट तासाच्या शेवटी फार उपयोगी पडणार आहे, म्हणून ती मनात पक्की करून ठेवा.

दोन हजार पुस्तके चाळायला आपल्याला वेळ नाही. आपण अकरावा खंड घेऊ आणि त्यातील एकच उतारा उघडू. तो साधारण 1600 अक्षरांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने अर्ध्या पानाहून थोडासाच मोठा आहे. हा उतारा म्हणजे एक जनुक. त्यात हिमोग्लोबिनचा एक भाग, ज्याला बीटा ग्लोबिन म्हणतात, तो कसा घडवायचा याची सूचना लिहिलेली आहे. हिमोग्लोबिन हे रक्तातील तांबड्या पेशींमध्ये असणारे आणि ऑक्सिजन वाहून नेणारे प्रथिन आहे; एका हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात आणि त्यांपैकी दोन या बीटा ग्लोबिनच्या असतात.

हा उतारा वाचला कसा जातो? मूळ ग्रंथ केंद्रकाबाहेर जात नाही. ग्रंथालयातील दुर्मीळ पोथी घरी नेता येत नाही, म्हणून आपण हवा तेवढाच मजकूर उतरवून घेतो, तसे पेशी करते. हव्या त्या जनुकाची एक नक्कल तयार होते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात, आणि नक्कल करण्याच्या या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात. या नकलेत टी ऐवजी यू हे अक्षर येते, एवढा फरक सोडला तर क्रम तोच राहतो. बीटा ग्लोबिनच्या उताऱ्यात मध्येच दोन तुकडे असे आहेत की ज्यांचे प्रथिन होत नाही. ते नकलेतून कापून टाकले जातात आणि उरलेले भाग जोडले जातात. मग ही नक्कल केंद्रकातून बाहेर पडते आणि रायबोझोमपाशी पोहोचते.

रायबोझोम हा आपल्या फळ्यावरच्या वाक्याचा वाचक आहे. तो तीन-तीन अक्षरांचे शब्द पाडतो. प्रत्येक शब्द म्हणजे एका अमिनो आम्लाचे नाव असते आणि रायबोझोम ती अमिनो आम्ले त्याच क्रमाने एकमेकांना जोडून प्रथिनाची साखळी घडवत जातो. या क्रियेला भाषांतरण म्हणतात, आणि मला हे नाव फार समर्पक वाटते, कारण येथे चार अक्षरांच्या भाषेतून वीस अमिनो आम्लांच्या भाषेत मजकूर खरोखरच उतरवला जातो. चार अक्षरांपासून तीन अक्षरी शब्द 64 होतात. त्यांपैकी 61 शब्द अमिनो आम्लांची नावे आहेत आणि तीन शब्दांचा अर्थ 'थांबा' एवढाच आहे. हा शब्दकोश 1960 च्या दशकात उलगडला; त्या कामासाठी 1968 चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांत मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्याबरोबर अविभाजित भारतातील पंजाबात जन्मलेले हरगोविंद खुराना होते. खुराना यांनी प्रयोगशाळेत ठरावीक क्रमाचे धागे स्वतः घडवले आणि त्यांपासून कोणती अमिनो आम्ले जोडली जातात ते पाहिले. अर्थ ठरतो तो कशावरून? सगळ्यांनी म्हणा : अक्षरांचा क्रम हीच सूचना.

आता बीटा ग्लोबिनच्या सूचनेचे पहिले आठ शब्द मी फळ्यावर लिहितो. सर्वांत आधी एटीजी हा 'येथून सुरू करा' असे सांगणारा शब्द असतो. त्याच्यामुळे आलेले अमिनो आम्ल नंतर काढून टाकले जाते, म्हणून आपण त्याच्या पुढून मोजू.

जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी, जीएजी, एएजी.

या शब्दांचे भाषांतर असे होते : व्हॅलीन, हिस्टिडीन, ल्युसीन, थ्रिओनीन, प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल, लायसीन. पूर्ण साखळी 146 अमिनो आम्लांची होते. ही नावे पाठ करण्याची गरज नाही. फक्त सहाव्या शब्दावर बोट ठेवा : जीएजी, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. मी त्यातील मधला ए पुसतो आणि तिथे टी लिहितो. आता सहावा शब्द झाला जीटीजी.

हा शब्द तुम्ही आधी कुठे पाहिला? बरोबर, ओळीतला पहिलाच शब्द जीटीजी आहे आणि त्याचा अर्थ व्हॅलीन आहे. पहिल्या जागी व्हॅलीन येणे योग्यच आहे, तिथे त्याने कुणालाही त्रास होत नाही. तोच शब्द, तेच अमिनो आम्ल, सहाव्या जागी आले की मात्र माणूस आजारी पडू शकतो. अक्षरात दोष नाही, शब्दातही दोष नाही. बदल झाला तो क्रमात. अक्षरांचा क्रम हीच सूचना.

या आजाराचे नाव दात्रपेशी पांडुरोग. बोलताना आपण सगळे त्याला सिकल सेल म्हणतो, आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या भागांत ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांनी हे नाव घरात किंवा आरोग्य केंद्रात नक्की ऐकले असेल. त्या भागांतील आदिवासी समाजांत आणि इतरही काही समाजांत हा बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

एका अमिनो आम्लाने एवढे काय बिघडते, ते नीट पाहू. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाण्यात राहायला आवडते. व्हॅलीनवर भार नसतो आणि ते पाण्यापासून दूर राहू पाहते. सहावी जागा साखळीच्या बाहेरच्या बाजूला आहे, त्यामुळे हिमोग्लोबिनच्या अंगावर जणू एक चिकट ठिपका तयार होतो. हिमोग्लोबिनजवळ ऑक्सिजन असतो तोपर्यंत काही होत नाही. ऊतींना ऑक्सिजन देऊन झाला की त्याचा आकार किंचित बदलतो, शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते आणि हा चिकट ठिपका तिच्यात जाऊन बसतो. मग दुसऱ्याला तिसरा चिकटतो, तिसऱ्याला चौथा, आणि पाहता पाहता पेशीच्या आत लांब, ताठ दोरे तयार होतात. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात, म्हणजे दोरे वळायला माल भरपूर असतो. हे दोरे पेशीला आतून ताणतात आणि मऊ, गोल, मध्ये चेपलेली पेशी विळ्यासारखी वाकडी होते. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा पातळ थर पाहिला, तर गोल चकत्यांच्या गर्दीत दोन्ही टोकांना निमुळत्या झालेल्या या पेशी चटकन ओळखू येतात.

फुप्फुसात परत ऑक्सिजन मिळाला की दोरे विरघळतात आणि पेशी पुन्हा गोल होते. पण हे वाकणे आणि सरळ होणे वारंवार झाले की पेशीचे आवरण खराब होते आणि ती कायमची वाकडी राहते. साधारण तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते; ही पेशी अनेकदा 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते, आणि त्यामुळे रक्तक्षय होतो. दुसरा त्रास अधिक भयंकर आहे. ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य वेदना होतात. ताप, थंडी, शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे असा झटका येऊ शकतो. तुमच्या वर्गातील एखादे मूल वरचेवर पाण्याची बाटली तोंडाला लावत असेल किंवा थंडीत मैदानावर यायला नको म्हणत असेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी कृपया थांबा. मी हे मुद्दाम सांगतो आहे.

हा फरक कसा शोधला गेला, तेही सांगण्यासारखे आहे. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 साली दाखवून दिले की सिकल सेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते, म्हणजेच त्याच्यावरचा विद्युतभार वेगळा आहे. नेमका फरक कुठे आहे, हे तेव्हा कळले नव्हते. केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी हे प्रथिन विकराने कापून त्याचे लहान तुकडे केले आणि दोन्ही प्रकारच्या हिमोग्लोबिनचे तुकडे शेजारी शेजारी ताडून पाहिले. सगळे तुकडे जुळले, फक्त एक जुळला नाही. त्या तुकड्यात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आहे, हे 1957 साली त्यांनी प्रसिद्ध केले. त्या वेळी डीएनएचा शब्दकोश कुणालाही वाचता येत नव्हता, हे लक्षात घेतले की या कामाची बारकाई कळते.

आज तपासणी अशीच दोन पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीत एका छोट्या नळीत ठरावीक द्रावण घेऊन त्यात रक्ताचा थेंब टाकतात. द्रावणामुळे तांबड्या पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिनमधील ऑक्सिजन निघून जातो. काही मिनिटांनी नळीच्या मागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या, तर दोरे तयार झालेले नाहीत. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर आत सिकल हिमोग्लोबिन आहे. या चाचणीची मर्यादा अशी की ती व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक आहे, हे गढूळपणावरून ठरत नाही. त्यासाठी दुसरी पायरी, म्हणजे विजेच्या क्षेत्रात हिमोग्लोबिन सरकवून पाहणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम चाचणी करावी लागते. तिच्यात वाहकाचे दोन प्रकारचे हिमोग्लोबिन दोन वेगळ्या पट्ट्यांत दिसते. पहिल्या चाचणीचा निकाल पाहून 'तुम्हाला आजार आहे' असे सांगणे चूक आहे, आणि अशा घाईने घरे घाबरून गेलेली मी पाहिली आहेत.

रुग्ण आणि वाहक यांतला फरक समजण्यासाठी आता ते दोन संच आठवा. अकराव्या खंडाच्या तुमच्याजवळ दोन प्रती आहेत. दोन्ही प्रतींत सहावा शब्द जीटीजी असेल, तर ती व्यक्ती रुग्ण असते. एका प्रतीत जीएजी आणि दुसरीत जीटीजी असेल, तर ती वाहक असते. तिच्या पेशींत दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन मिसळलेले असते, दोरे सहसा वळले जात नाहीत आणि ती बहुधा निरोगी जीवन जगते. उलट तिला गंभीर हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, आणि जिथे हिवताप पूर्वापार होता त्या प्रदेशांत हा बदल टिकून राहण्याचे कारण तेच आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी आजार येण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि दोन्ही प्रती मूळच्या मिळण्याची चारात एक असते. ही शक्यता दर वेळी नव्याने लागू होते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तिघे सुटली, असा हिशेब कुणी करत असेल तर तो चुकीचा आहे.

फळ्यावरच्या मदनकडे परत येऊ. अक्षर बदलले की नेहमीच अनर्थ होतो का? नाही. सहाव्या शब्दातील शेवटचा जी जाऊन ए आला असता, तर जीएए झाला असता, आणि जीएए याचाही अर्थ ग्लुटामिक आम्लच आहे. 61 शब्द आणि 20 अमिनो आम्ले असल्यामुळे एकाच अमिनो आम्लाला अनेक समानार्थी शब्द आहेत. असे बदल आपणा सर्वांच्या ग्रंथांत असतात आणि त्यांचा सहसा पत्ताही लागत नाही.

याच्या उलट टोकाला अक्षर गळणे किंवा जास्तीचे घुसणे हा प्रकार आहे. थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिन पुरेसे न बनण्याचा आनुवंशिक आजार आहे; भारतात आढळणाऱ्या त्याच्या बदलांपैकी एक याच उताऱ्यात, आठव्या आणि नवव्या शब्दांच्या मध्ये घडतो : तिथे एक जास्तीचा जी शिरतो. रायबोझोमला ते कळत नाही; तो नेमाने तीन-तीन अक्षरे घेत जातो आणि 'मनग रमव' सारखे भलतेच शब्द वाचत जातो. असे वाचता वाचता बाविसाव्या जागी त्याच्यासमोर टीजीए येतो. हा 'थांबा' सांगणाऱ्या तीन शब्दांपैकी एक आहे. 146 अमिनो आम्लांची साखळी तिथेच तुटते आणि त्या प्रतीपासून कामाचे बीटा ग्लोबिन मुळीच तयार होत नाही. सिकल सेलमध्ये प्रथिन बनते पण चिकट बनते. येथे ते बनतच नाही. जागा जवळजवळ तीच, बदल एकाच अक्षराचा, पण आजार वेगळा. म्हणा : अक्षरांचा क्रम हीच सूचना.

ग्रंथाची उपमा कुठे अपुरी पडते, तेही मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुस्तक आपण पहिल्या पानापासून वाचत जातो. पेशी तसे करत नाही. डोळ्याच्या पेशीजवळ आणि यकृताच्या पेशीजवळ ग्रंथ एकच असतो, पण प्रत्येक पेशी आपल्यापुरतीच पाने उघडते. बीटा ग्लोबिनचे पान अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडताना उघडते आणि काम झाल्यावर ती पेशी आपले केंद्रक, म्हणजे अख्खा ग्रंथच, बाहेर टाकून रक्तात उतरते. कोणते पान केव्हा उघडायचे, याच्या सूचनाही त्याच ग्रंथात, त्याच चार अक्षरांत लिहिलेल्या असतात.

या आजाराच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे ठरते. आईच्या पोटात असताना बाळ बीटा ग्लोबिनचे पान फारसे वापरत नाही. ते गॅमा ग्लोबिन नावाच्या दुसऱ्या उताऱ्यापासून गर्भातील हिमोग्लोबिन बनवते. जन्मानंतरच्या काही महिन्यांत ते पान हळूहळू मिटते आणि बीटाचे उघडते. म्हणूनच सिकल सेल घेऊन जन्मलेल्या बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही, आणि त्या वयात नळीची चाचणी फसवी ठरू शकते. काही माणसांत गर्भातील हिमोग्लोबिनचे पान पुढेही थोडे उघडे राहते आणि त्यांचा आजार सौम्य असतो. भारतातील अनेक रुग्णांत असे आढळते. नेहमी दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषधही मुख्यतः गर्भातील हिमोग्लोबिन वाढवूनच उपयोगी पडते.

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत या आजारावरच्या ज्या दोन जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली, त्यांपैकी एकाची युक्ती हीच आहे. त्यात सहाव्या शब्दातील टी पुसून ए लिहिला जात नाही. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढतात, गर्भातील हिमोग्लोबिनचे पान मिटवणारी जी सूचना दोन क्रमांकाच्या खंडात आहे तिच्यात क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राच्या साहाय्याने काप घेतात आणि त्या पेशी परत शरीरात सोडतात. मिटलेले पान पुन्हा उघडते आणि दोरे वळले जाणे थांबते. मात्र हा बदल फक्त रक्त घडवणाऱ्या पेशींत होतो. त्या व्यक्तीच्या अंडपेशी किंवा शुक्रपेशी यांना हातही लागलेला नसतो. त्यामुळे वेदना थांबलेल्या त्या आईकडून किंवा वडिलांकडून त्यांच्या प्रत्येक मुलाला अकराव्या खंडाची जी प्रत मिळेल, तिच्यात सहावा शब्द जीटीजी असाच लिहिलेला असेल.